गोरेपणाच्या क्रीमचे लेबल वाचताना

गोरेपणाच्या दोन क्रीमच्या ट्यूबांची लेबले पाठवून तुम्ही त्या लावाव्यात का असे विचारले आहे, आणि दुसरीचे मैत्रिणीने कौतुक केल्याचेही लिहिले आहे. पहिलीवर नायसिनामाइड आहे, म्हणजे जीवनसत्त्व ब३ चे एक रूप. ते मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, तयार होणे थांबवत नाही. तयार झालेले रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या पेशींपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण फक्त कमी करते. त्यामुळे २ ते ५ टक्के प्रमाण असल्यास डाग दोन-तीन महिन्यांत थोडे फिकट होतात, मात्र मूळ वर्ण बदलत नाही. टक्केवारी छापलेली नसेल आणि हे नाव यादीत सुगंधानंतर आले असेल, तर मात्रा बहुधा नाममात्र असते.

दुसरी ट्यूब बाजूला ठेवा. तिच्यात रंग फिकट करणारे हायड्रोक्विनोन, जीवनसत्त्व अ पासून बनलेले ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. हे सौंदर्यप्रसाधन नसून वांगावर डॉक्टरांनी ठरावीक काळासाठी द्यायचे औषध आहे, मग मैत्रिणीने कितीही कौतुक केले तरी. पहिल्या आठवड्यांतील उजळपणा स्टेरॉइडमुळेही दिसतो, पण पुढे त्वचा पातळ होते, पुरळ उठतो आणि क्रीम सोडताच चेहरा लाल होऊन जळजळतो. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ वापरल्यास उलट निळसर-काळे डागही पडू शकतात. तुम्ही ती आधीच लावत असाल, तर त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवूनच बंद करा.