भाषांची झाडं आणि वर्षांचे आकडे: तुमचे प्रश्न

प्रश्न: ग्रुपवर आलंय की कॉम्प्युटरने मराठी साडेचार हजार वर्षं जुनी असल्याचं सिद्ध केलं. खरं का?

नाही. पण आकडा ओळखीचा वाटतोय. २०१८ मध्ये एका टीमने २० द्रविड भाषांच्या शब्दयाद्यांवरून ते कुटुंब फुटायला कधी लागलं याचा अंदाज काढला होता, तो साधारण ४५०० वर्षं. मराठी त्या कुटुंबातलीच नाही. शिवाय त्या आकड्याची रेंज साधारण ३००० ते ६५०० अशी होती, ती फॉरवर्ड करताना वाटेत कुठेतरी गळाली. रेंज नसलेला आकडा दिसला की मूळ पेपर शोधा, नाही सापडला तर तो आकडा पुढे पाठवू नका, एवढंच.

प्रश्न: पण शब्दांवरून वर्षं काढतात तरी कशी?

प्रत्येक भाषेसाठी दोनेकशे साध्या अर्थांची यादी घेतात: हात, पाणी, दोन, मरणे वगैरे. मग कुठल्या भाषेतला शब्द कुठल्या भाषेतल्या शब्दाशी एका मुळातून आलाय हे माणूस ठरवतो, कॉम्प्युटर नाही. ते एक-शून्यात मांडायचं आणि जीवशास्त्रात प्राण्यांचे वंशवृक्ष काढायला जी सॉफ्टवेअरं वापरतात त्यांना द्यायचं. ती लाखो झाडं तपासून कुठली जास्त संभाव्य ते सांगतात. पण झाडावर वर्षं आपोआप उमटत नाहीत हो, त्यासाठी इतिहासातून माहीत असलेल्या तारखा आधी ठोकाव्या लागतात, उदा. लॅटिन अमुक शतकातली, वैदिक अमुक काळातली. बाकीच्या तारखा त्या खुंट्यांवरून ताणून काढलेल्या असतात.

प्रश्न: हे म्हणजे १९५० च्या दशकातलं भाषाशास्त्रज्ञ स्वॉडेशचं ग्लॉटोक्रोनॉलॉजीच ना, शब्द बदलण्याच्या दरावरून भाषेचं वय काढायचं ते, नवीन बाटलीत?

नाही, पण शंका रास्त आहे. स्वॉडेशने शंभर शब्दांपैकी हजार वर्षांत साधारण १४ बदलतात असा सगळ्या भाषांना एकच दर धरला होता. १९६२ मध्ये बर्गस्लांड आणि फोग्ट यांनी दाखवलं की आइसलँडिकमध्ये हजार वर्षांत जेमतेम तीन-चार टक्केच शब्द बदललेत, तिथे ते प्रकरण आटोपलं. आताची मॉडेलं प्रत्येक फांदीला वेगळा दर देऊ शकतात. दर कशावरून काढला हा प्रश्न मात्र तसाच आहे, तो पुढच्या उत्तरात.

प्रश्न: इंडो-युरोपियन, म्हणजे मराठीपासून इंग्रजीपर्यंतचं भाषाकुटुंब, एक टीम म्हणते ९००० वर्षं जुनं, दुसरी म्हणते ६०००. डेटा बराचसा तोच. मग कोण खोटं बोलतंय?

कोणी नाही. आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता सविस्तरच लिहितो.

२००३ मध्ये ग्रे आणि अ‍ॅटकिन्सन यांनी ८७ भाषा घेऊन कुटुंबाचं वय ७८०० ते ९८०० वर्षं काढलं, म्हणजे तुर्कस्तानातून शेतीबरोबर भाषा पसरली या मताला टेकू. २०१५ मध्ये बर्कलीच्या चँग, गॅरेट वगैरे चौघांनी तशाच डेटावर एक अट घातली: लॅटिन ही इटालियन-फ्रेंचची आईच, प्राचीन ग्रीक ही आताच्या ग्रीकची, वैदिक संस्कृत ही आपल्या भाषांची. आकडा घसरून साधारण साडेपाच ते साडेसहा हजारांवर आला, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून पसरली या जुन्या मताजवळ.

एका अटीने एवढा फरक का पडतो, तर सोप्या, मनाने घेतलेल्या आकड्यांनी बघा. लॅटिन आणि इटालियनमध्ये २० शब्दांचा फरक आहे असं धरा. लॅटिन आई असेल तर हे २० बदल २००० वर्षांत झाले, शंभर वर्षांना एक. पण मशीनला मोकळं सोडलं तर ते लॅटिनला आई न मानता मावशी करून बाजूच्या फांदीवर टांगतं, आणि दोघींची एक काल्पनिक आई लॅटिनच्या ५०० वर्षं आधी बसवतं. आता तिथून लॅटिनपर्यंत ५०० आणि इटालियनपर्यंत २५०० असा ३००० वर्षांचा रस्ता झाला, फरक तोच २० शब्दांचा, म्हणजे दीडशे वर्षांना एक. दर मंदावला. मग मुळापर्यंत जायला ६० बदल लागत असतील तर पहिल्या हिशोबात ६०००, दुसऱ्यात ९०००. सगळी भानगड इथे आहे!

मशीन मावशी का करतं? कारण भाषा तीच ती चाल स्वतंत्रपणे पुन्हा खेळतात. लॅटिनमध्ये 'पुरुष' म्हणजे 'विर', आणि 'होमो' म्हणजे माणूस. पुढे 'विर' गेला आणि 'माणूस'वाला शब्दच पुरुषासाठी आला: 'ऑम', 'उओमो', 'ओंब्रे'. त्याच मुळाचा 'गुमा' इंग्रजी-जर्मनच्या शाखेतल्या जुन्या गॉथिक भाषेतही पुरुषासाठी आहे. मशीनला वाटतं, फ्रेंचमध्येही आहे आणि गॉथिकमध्येही आहे म्हणजे हा प्रकार फार जुना असणार, लॅटिनने तो टाकून दिला, तेव्हा लॅटिन बाजूला. प्राण्यात गुंतागुंतीचा अवयव दोनदा तसाच उगवणं कठीण, 'माणूस'चा अर्थ 'पुरुष' होणं मात्र रोजचं आहे.

भाषाशास्त्रज्ञांचा दुसरा आक्षेप चाकाचा. आपलं चाक, संस्कृत चक्र, ग्रीक 'कुक्लॉस', इंग्रजी 'व्हील' हे एकाच मुळाचे, मध्य आशियातल्या तोखारियनमध्येही त्याचा भाऊ आहे. २००३ च्या झाडात तोखारियन ७९०० वर्षांपूर्वीच वेगळी होते, आणि चाकाचे पुरावे साडेपाच हजार वर्षांच्या आसपास सुरू होतात. चाकच नाही तर चाकाला शब्द कुठून? समोरची बाजू म्हणते की 'फिरणे'वरून सगळ्यांनी आपापला बनवला. एक शब्द असता तर मानलं असतं, पण आस आणि जूसुद्धा सामायिक आहेत.

आता प्रामाणिकपणे उलट बाजू. वैदिक ही मराठीची शंभर टक्के आई नाहीच. 'इथे'साठी वेदात 'इह' आहे आणि पालीत 'इध', आणि पालीचं रूप जास्त जुनं, म्हणजे प्राकृतं वेदाच्या शेजारच्या बोलीतून आली. २०२३ मध्ये हेगार्टी आणि सहकाऱ्यांनी नवा, जास्त काटेकोर डेटा घेऊन, आईपणाची सक्ती न करता, वय साधारण ८१०० वर्षं काढलं. पण माझं मत विचाराल तर शेजारच्या बोलीचं अंतर काही शतकांचं असतं, ते हजारात जायला लागलं की मॉडेलकडे संशयाने बघा. आणि असा पेपर हातात आला तर निष्कर्षाच्या आधी कुठल्या भाषेला आई धरलंय ते बघा, आणि ते कळत नसेल तर ऐतिहासिक भाषाशास्त्र करणाऱ्या कोणालातरी विचारा, जीवशास्त्रवाल्याला नव्हे.

प्रश्न: उसन्या शब्दांचं काय करतात?

ओळखून बाजूला काढतात, ओळखले तर. मराठीच्या यादीत 'कुत्रा'ऐवजी कोणी ऐटीत 'श्वान' लिहिलं की मराठी एका फटक्यात वेदाच्या जवळ सरकते. यादी भरणारा माणूस घरात मराठी बोलतो की फक्त कोशात बघतो हे आधी तपासा.

प्रश्न: एमएच्या प्रबंधासाठी माझ्या गावच्या बोलीची तारीख काढायची आहे. दोन दिवसांचं 'बीस्ट' सॉफ्टवेअरचं वर्कशॉप आहे, सर्टिफिकेटसह. करू का?

वर्कशॉप करा, तारीख काढू नका. 'बीस्ट' फुकट मिळतं आणि काहीही भरलं तरी सुंदर रंगीत झाड देतं, तीच तर अडचण. शिवाय शेजारच्या बोली एकमेकींपासून सतत शब्द घेत असतात, तिथे फांद्या फुटत नाहीत, जाळं होतं. आधी बोलीतले ध्वनिबदल नोंदवा आणि गाइडना दाखवा. गाइडच म्हणाले की झाड हवंच, तर दुसऱ्या गाइडना दाखवा.

प्रश्न: आता डीएनए आलाय, मग हा वाद मिटला ना?

हाडं बोलत नाहीत. कोण कुठून कुठे गेलं ते डीएनए सांगतो, वाटेत काय बोलत होते ते नाही.