मुलाखतीत बलस्थाने सांगताना विशेषणांऐवजी पुरावा कसा द्यावा?

प्रश्न: मी चार वर्षं गोदामात आवक-जावकीचं काम पाहतोय. आता इन्व्हेंटरी कंट्रोलरच्या पदासाठी मुलाखत आली आहे. "तुमची बलस्थानं सांगा" म्हटलं की मी मेहनती, काटेकोर आणि टीम प्लेअर आहे असं सांगतो, पण समोरचे नुसती मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. नेमकं काय सांगावं?

उत्तर:

साठा आणि खरेदी विभागांतील पदांसाठी मुलाखती घेण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून टेबलाच्या आमच्या बाजूला काय चालते ते आधी सांगतो. आमच्यापुढे प्रत्येक उमेदवाराचे एक गुणपत्रक असते. त्यात पदाला लागणारी चार-पाच कौशल्ये छापलेली असतात आणि प्रत्येकापुढे किती गुण दिले व का दिले हे लिहिण्यासाठी जागा असते. "मी काटेकोर आहे" हे ऐकल्यावर त्या जागेत लिहिण्यासारखे काहीच हाती लागत नाही, कारण मुलाखतीला येऊन स्वतःला निष्काळजी म्हणवून घेणारा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही. आपल्या उत्तरातून परीक्षकाला "का दिले" या जागेत उतरवून घेता येईल असे एक वाक्य मिळाले पाहिजे, एवढीच कसोटी ठेवावी.

कोणती तीन बलस्थाने घ्यायची हे स्वतःकडे पाहून ठरवू नका, जाहिरातीकडे पाहून ठरवा. कामाच्या वर्णनातील क्रियापदांखाली रेघ ओढा. इन्व्हेंटरी कंट्रोलरच्या जाहिरातीत साधारणपणे संगणकातील साठा प्रत्यक्ष साठ्याशी जुळवणे, तफावतीचे कारण शोधणे, गोदाम, खरेदी आणि लेखा विभागांशी समन्वय ठेवणे व अहवाल देणे अशी कामे असतात. कागदाच्या डाव्या बाजूला ही कामे लिहा आणि उजव्या बाजूला, त्या त्या कामाशी जुळणारा, आपल्या नोकरीत खरोखर घडलेला एकेक प्रसंग लिहा. ज्या ओळींच्या उजवीकडे भक्कम प्रसंग असेल त्यांतूनच तीन निवडा. हे करताना काही आवडत्या गोष्टी गळतात आणि त्या गळू द्याव्यात. ट्रक झटपट खाली करून घेणे हे आज तुमचे मोठे कौशल्य असेल, पण नव्या पदाच्या गुणपत्रकात त्याला रकानाच नाही. मेहनत आणि प्रामाणिकपणा यांचेही तसेच, कारण ते प्रत्येकाकडे असणार असे परीक्षक गृहीतच धरतात. शिवाय तिन्ही बलस्थाने एकमेकांपासून वेगळी हवीत. काटेकोरपणा, बारकाईने पाहणे आणि नोंदी अचूक ठेवणे ही तीन नावांची एकच गोष्ट आहे.

आता "काटेकोर" या शब्दाचा पुरावा कसा करायचा ते पाहू. खालील आकडे कल्पित आहेत, तुमचे स्वतःचे घाला:

"तफावतीच्या मुळापर्यंत जाणे हे माझे पहिले बलस्थान आहे. आमच्या मासिक मोजणीत 600 पैकी 42 वस्तूंचा साठा जुळत नव्हता. मी त्या वेगळ्या काढल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फरक 11, 22 किंवा 33 नगांचा येतो आणि प्रत्येक वेळी संगणकातला साठाच जास्त असतो, असे दिसले. त्या वस्तू 12 नगांच्या खोक्यात येतात. जावक चिठ्ठीवर नुसते '1' लिहिलेले असे, माल मात्र पूर्ण खोका जाई आणि संगणकात 1 नग वजा होई. मी चिठ्ठीवर 'खोका की नग' असा रकाना वाढवून घेतला आणि तो रिकामा असेल तर नोंद करायची नाही असे ठरवून घेतले. तिसऱ्या महिन्याच्या मोजणीत न जुळणाऱ्या वस्तू 14 वर आल्या."

हे सांगायला मिनिटभरही लागत नाही आणि "काटेकोर" हा शब्द त्यात एकदाही येत नाही. यात सर्वांत वजनदार भाग शेवटचा आकडा नसून 11, 22, 33 हा तपशील आहे, असे माझे मत आहे. 42 चे 14 झाले हे कोणीही रचून सांगू शकतो, पण फरक 11 च्या पटीत का येतो हे ज्याने चिठ्ठ्या स्वतः चाळल्या आहेत त्यालाच सहज सुचते. आपल्या प्रसंगात असा एक तपशील शोधाच.

आकड्यांबाबत जरा जपून राहावे. "तफावत 67 टक्क्यांनी घटवली" असे म्हटले की किती वस्तूंपैकी, हा प्रश्न लगेच येतो, म्हणून टक्केवारीपेक्षा मूळ संख्याच द्याव्यात. नेमका आकडा आठवत नसेल तर "सुमारे चाळीस" म्हणावे, किंवा तुमचा रकाना आज दुसरी पाळीही वापरते, असा आकड्याविना पुरावा द्यावा. पुरवठादारांची नावे आणि साठ्याची किंमत मात्र सांगू नये, कारण जुन्या मालकाची माहिती उघड करणारा उमेदवार उद्या आमचीही करील, असे परीक्षकाच्या मनात येतेच.

यानंतर हमखास दोन प्रश्न येतात. पहिला म्हणजे, यात तुमचा वाटा कोणता? "आम्ही शोधले, आम्ही बदलले" अशी सवय असलेले उमेदवार इथे अडखळतात. फरकांतले साम्य तुम्ही ओळखले आणि चिठ्ठीचा नमुना वरिष्ठांनी मंजूर केला असेल, तर तसेच वेगवेगळे सांगा. दुसरा म्हणजे, सुधारणा याच बदलामुळे झाली कशावरून? त्याच सुमारास बारकोड स्कॅनरही आले असतील तर ते आपणहून सांगावे आणि खोक्यात येणाऱ्या वस्तूंपुरता फरक किती घटला तेवढ्यावरच हक्क सांगावा. असे स्वतःहून सांगणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवर मग फारशी उलटतपासणी होत नाही.

दुसरे बलस्थान समन्वयाचे घ्यावे, पण "टीम प्लेअर" म्हणून नव्हे. तुमच्या हाताखाली नसलेल्या माणसाची सवय तुम्ही कशी बदलवली, ते सांगा. तो रकाना भरायला जावक विभागातल्या लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली असणारच. त्यांचे म्हणणे काय होते आणि कशाने ते तयार झाले, एवढे दोन वाक्यांत पुरते. मात्र पहिल्याच प्रसंगाची पुनरुक्ती वाटत असेल तर खरेदी किंवा लेखा विभागाशी आलेला एखादा वेगळा प्रसंग घ्या.

तिसरे बलस्थान नव्या पदातल्या, पण तुम्ही आजवर थोड्याच प्रमाणात केलेल्या कामाचे असू द्या. उदाहरणार्थ, महागड्या आणि जास्त खपाच्या वस्तू वारंवार आणि उरलेल्या कधीतरी मोजायच्या, ही पद्धत तुम्ही फक्त एका रॅकवर करून पाहिली असेल, तर "एका रॅकवर करून पाहिली आहे, संपूर्ण गोदामावर केलेली नाही" असेच सांगा आणि त्या रॅकवर काय आढळले ते जोडा. हे शेवटी सांगण्याचे कारण असे की पुढचा प्रश्न बहुधा शेवटच्या मुद्द्यावरच येतो, आणि "संपूर्ण गोदामावर करायची तर सुरुवात कुठून कराल?" या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला घरूनच तयार करून जाता येते.