पाडव्याच्या सकाळचा मजकूर

परभणी
फाल्गुन, शके १९४७

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पाडव्याचा मजकूर दोनदा वाचला. मेहनत घेतलीस, पण तो पेढीच्या फळ्यावर लावायचा कागद झालाय. घरोघरी सकाळी पोचणारा निरोप झालेला नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझं पहिलं वाक्य आहे, 'साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेल्या गुढीपाडव्याच्या सुवर्णमय शुभेच्छा.' हेच वाक्य शाळेतल्या गुरुजींनी लिहिलं असतं तर ती नुसती माहिती असती. सराफानं लिहिलं की त्याचा अर्थ 'या, घ्या' असाच होतो. पाडवा मुहूर्त आहे हे आपल्या गिऱ्हाइकाला आजीपासून ठाऊक असतं. ज्याला गुंजभर घ्यायचंय तो आपणहून येतो. 'सुवर्णमय' आणि 'सोन्यासारखं झळाळो' हे शब्दही त्याच कारणानं काढ. घडणावळीची सूट, भाव, फोन नंबर, 'अवश्य भेट द्या' यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. हा निरोप कुणाकुणाच्या फोनवर जाणार ते डोळ्यांपुढे आण. गारपिटीत ज्याची ज्वारी आडवी झाली तो माणूस त्यात आहे, आणि लेकीच्या लग्नानंतर पाटल्या गहाण ठेवलेली बाईही आहे. दोघं आपलीच माणसं आहेत. सणाच्या सकाळी त्यांना सोन्याची आठवण आपण करून द्यायची नाही.

आता वर्षाचं. तू कुठूनतरी आलेला 'विक्रम संवत'वाला मजकूर उचललास. आपल्याकडे पाडव्याला बदलतो तो शालिवाहन शक. ज्या शालिवाहनाच्या नावानं तो चालतो त्याची राजधानी आपलं पैठण, जुनं प्रतिष्ठान. मराठवाड्यातल्या पेढीनं तरी हे चुकवू नये. हिशेब सोपा आहे. पाडव्यापासून पुढे इसवी सनातून ७८ वजा करायचे. यंदा १९ मार्च २०२६ ला पाडवा, म्हणून शके १९४८. जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत मात्र ७९ वजा करावे लागतात, म्हणून आज मी वर १९४७ लिहिलंय.

शक लिहिलास की संवत्सराचं नावही घालावंसं वाटेल. इथं थांब. साठ संवत्सरांची नावं फिरत येतात आणि सगळीच काही शुभेच्छेत बसणारी नसतात. आत्ता सरतंय ते विश्वावसु, पाडव्याला लागणारं 'पराभव' आहे. 'पराभवनाम संवत्सराच्या हार्दिक शुभेच्छा' असं वाचून कुणाला बरं वाटेल? मी हे स्वतः करून बसलोय. शके १९४६ ला 'क्रोधीनाम संवत्सर' असं मोठ्या अक्षरात घातलं. सकाळी एका जुन्या गिऱ्हाईक आजींचा फोन आला, 'दादा, आमच्या घरावर रागावलात का?' मला फार लागलं ते. हे नाव घरी पंचांग वाचताना घ्यायचं असतं. ते तिथंच शोभतं.

'गुडी' नको, 'गुढी' लिही. आणि रात्री बाराला पाठवू नकोस. आपला दिवस सूर्योदयानं सुरू होतो आणि गुढीही त्यानंतरच उभी राहते. गुढी उभारून झाली, नैवेद्य दाखवला, की मग पाठव.

फोटो विकतचा नको. हार घातलेल्या मॉडेलचा तर मुळीच नको. त्या सकाळी तुमच्या दारात उभी असलेली गुढीच घे. वेळूची काठी, खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, फुलांचा हार आणि वर पालथा घातलेला आजोबांचा चांदीचा तांब्या. तांब्या पालथाच आहे ना, ते बघून घे. बाजारच्या चित्रात कधीकधी तो नारळ ठेवलेला कलश होऊन सरळ बसलेला असतो, आणि आपल्या बायांच्या नजरेतून ते सुटत नाही. पेढीचं नाव खाली बारीक अक्षरात एकदाच.

तुझा मजकूर मी असा केला असता:

शालिवाहन शके १९४८, चैत्र शुद्ध प्रतिपदा.
आमच्या दारी गुढी उभी राहिली.
आपल्या घरी धान्य, पाणी आणि माणसांचा राबता भरपूर राहो.
गुढीपाडव्याच्या शुभेच्छा.

'पाणी' हा शब्द मुद्दाम घातलाय. चैत्र लागला की आपल्याकडे विहिरीत डोकावणं सुरू होतं, आणि वाचणाऱ्याला कळतं की हे लातूर-परभणीकडच्याच कुणीतरी लिहिलंय. तुझ्या गावाला दुसरं काही जवळचं असेल तर ते घाल, पण चार ओळींची पाच करू नकोस.

तांब्या काळा पडला असेल तर आदल्या रात्री रिठे भिजत घाल. सकाळी त्याच पाण्यानं मऊ ब्रशनं हलक्या हातानं धू आणि सुती फडक्यानं लगेच कोरडा कर. पावडरीनं घासू नकोस, त्यावर आजोबांचं नाव कोरलेलं आहे.

तुझा,
काका