डिस्चार्ज कार्डावरची ती एक ओळ

वाचकाचं पत्र: वय 43. सात वर्षांपूर्वी 1 कोटीचा टर्म विमा घेतला, वर्षाला 16 हजार हप्ता. यंदाचा हप्ता 10 एप्रिलला होता, भरायचा राहिला. 2 मे रोजी न्यूमोनियामुळे ॲडमिट झालो, चार दिवस आयसीयूत होतो, 17 मे रोजी घरी आलो. तोवर पॉलिसी लॅप्स झाली होती. ऑगस्टमध्ये व्याजासह पैसे ऑनलाइन भरले, पावतीही आली. आता कंपनी फॉर्म आणि आरोग्याचं घोषणापत्र मागतेय. ॲडमिट असल्यामुळे उशीर झाला हे पत्रात कसं लिहू, म्हणजे व्याज माफ होईल आणि तपासण्या टळतील? एजंट म्हणतात, आजारपण लिहूच नका, ‘तब्येत उत्तम’ लिहा. तिथे शुगर थोडी वाढलेली निघाली होती, एचबीए1सी 7.6, पण ती इन्फेक्शनमुळे असावी. गोळी महिनाभर घेऊन थांबवली. नाहीच जमलं तर ते 60 हजार हप्त्याची दुसरी पॉलिसी सुचवतात. 20 वर्षांनी 18 लाख मिळतील आणि 10 लाखांचं विमाकवच आहे. घरकर्ज 30 लाख बाकी आहे.

उत्तर:

आधी व्याजाचं बोलू, कारण ते दोन ओळींत संपतं. 16 हजारांवर चार-साडेचार महिन्यांचं व्याज, दर नऊ टक्क्यांच्या आसपास धरला तर, पाचशे रुपये होतं. ते माफ करून घेण्यासाठी एक ओळसुद्धा लिहू नका. तुमच्यापुढे 1 कोटीचा प्रश्न आहे.

पावती हातात आली म्हणून विमा सुरू झाला असं तुम्ही धरून चालला असाल, तर तो समज आजच काढून टाका. बंद पडलेली पॉलिसी पैसे भरल्याने सुरू होत नाही. कंपनी ती रक्कम अनामत म्हणून बाजूला ठेवते, तुमचे कागद तपासते आणि पुनरुज्जीवन मंजूर केल्याचं कळवते. संरक्षण त्या मंजुरीपासून सुरू होतं. पावतीवरचा बारीक मजकूर वाचा, ‘निर्णयाच्या अधीन’ अशा अर्थाचं वाक्य तिथे सापडेल. 2021 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेल्या एका प्रकरणात हप्ता थकून पॉलिसी बंद पडली होती, अपघात झाला, तीन दिवसांनी थकलेला हप्ता भरला गेला आणि अपघाताबद्दल कंपनीला काही कळवलं नाही. अपघाती मृत्यूची जादा रक्कम न्यायालयाने नाकारली, कारण अपघाताच्या दिवशी पॉलिसी बंद होती.

तुमच्या तारखा लावून बघा. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, म्हणजे 10 मेपर्यंत. तोवर काही बरंवाईट झालं असतं तर थकलेला हप्ता वजा करून घरच्यांना पूर्ण रक्कम मिळाली असती. 11 मेपासून पुढचे दिवस तुम्ही त्याच खाटेवर होतात, पण विम्याविना. शुद्ध टर्म विम्यात साठलेली रक्कम काही नसते, त्यामुळे हप्ता चुकला की मागे काहीच उरत नाही. मागच्या सात हप्त्यांचे 1 लाख 12 हजार त्या त्या वर्षाच्या संरक्षणात खर्ची पडले. आजही तुमचं कुटुंब उघड्यावर आहे आणि मंजुरी येईपर्यंत राहील. म्हणून पुनरुज्जीवनाला पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांची मुदत असली, तरी तुम्ही एक आठवडाही घालवू नका.

आता एजंटच्या सल्ल्याकडे येतो. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ती आहे.

तुम्हाला वाटतं, आजारपण हे उशिराचं कारण आहे. कंपनीला उशिराच्या कारणाशी फारसं देणंघेणं नसतं. पैसे विसरलात, प्रवासात होतात की ॲडमिट होतात, व्याज तेवढंच लागतं. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: सात वर्षांपूर्वी ज्या तब्येतीवर आम्ही हा दर दिला, ती आजही तशीच आहे का? म्हणून घोषणापत्रात विचारतात की मधल्या काळात रुग्णालयात दाखल होतात का, तपासण्या झाल्या का, औषधं सुरू केली का. तुमची तीनही उत्तरं ‘होय’ आहेत.

आणि न्यूमोनिया त्यातला सोपा भाग आहे. पूर्ण बरा झालेला न्यूमोनिया, छातीचा स्वच्छ एक्स-रे, एवढ्यावर बहुतेक कंपन्या अडत नाहीत. अडचण त्या 7.6 मध्ये आहे. इन्फेक्शनमुळे रक्तातली साखर चढते हे खरं, पण ती त्या दिवसांची साखर. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं आणि 6.5 किंवा त्याहून वर गेलं की मधुमेहाच्या हद्दीत येतं. दहा-बारा दिवसांच्या आजाराने ते सहसा तेवढं चढत नाही. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात, न्यूमोनियाच्या खाली, ‘टाइप 2 डायबिटीस, नव्याने आढळला’ अशी ओळ असेल. नीट बघा. ती असेल तर तुम्ही मधुमेही आहात असं कागद सांगतो, आणि गोळी स्वतःच्या मनाने थांबवली असेल तर विम्याच्या आधी डॉक्टरांकडे जा.

एजंट याला उत्तर देतील: “तीन वर्षं निघाली की कोणी विचारत नाही.” अर्धवट माहिती किती घातक असते ते इथे दिसतं. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षांनंतर कंपनी पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेऊ शकत नाही, हे बरोबर आहे. पण ती तीन वर्षं पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पुनरुज्जीवनाची तारीख आणि रायडरची, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या जादा कवचाची तारीख यांतल्या सगळ्यात शेवटच्या तारखेपासून मोजतात. तुमची पॉलिसी सात वर्षांची, ती या रेषेच्या पलीकडे सुखरूप गेली होती. पुनरुज्जीवन झालं की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पुढच्या तीन वर्षांत दावा आला तर कंपनी कसून चौकशी करते. रुग्णालयाचे कागद, आरोग्य विम्याचा दावा, लॅबचे रिपोर्ट, सगळं तिच्या हाती लागतं. मे महिन्यात आयसीयूत असलेल्या माणसाने ऑगस्टमध्ये ‘तब्येत उत्तम, रुग्णालयात दाखल नाही’ लिहून सही केली, हे फसवणूक म्हणून मांडायला वकिलाला पाच मिनिटं पुरतात. त्या वेळी उत्तर द्यायला एजंट नसतील, तुम्हीही नसाल. तुमची पत्नी असेल.

मग खरं लिहिलं तर काय होईल? कंपनी मूळ अटींवर मंजुरी देईल, किंवा जादा हप्ता लावेल, किंवा साखर आटोक्यात येईपर्यंत काही महिने थांबायला सांगेल, किंवा नाकारेल. नाकारलं तर भरलेले पैसे परत मिळतात. तुमच्या आकड्यांवर मला जादा हप्त्याची शक्यता जास्त वाटते. समजा पन्नास टक्के चढवले. वर्षाला 8 हजार जादा, साठीपर्यंत 17 वर्षं, म्हणजे एकूण 1 लाख 36 हजार. एवढ्याला 1 कोटीचा दावा निर्धोक होत असेल तर मी लगेच सही करीन. नवी पॉलिसी घेतली तरी हा जादा भार तिथेही लागेल, आणि तो 43 व्या वर्षीच्या दरावर. पुनरुज्जीवनात मूळ दर 36 व्या वर्षीचाच राहतो. म्हणून आधी पुनरुज्जीवनाचा निर्णय घ्या, मगच दुसरीकडे विचारा. आणि दुसरीकडे विचाराल तेव्हा आधी कुठे अर्ज नाकारला किंवा लांबणीवर टाकला का, या प्रश्नालाही खरं उत्तर द्या.

तपासण्या टाळण्याच्या मागे लागू नका. उलट आधी डॉक्टरांकडे जाऊन औषध नीट सुरू करा आणि ताजा एचबीए1सी करा. तो 7 च्या खाली आला असेल तर तोच तुमच्या बाजूने बोलणारा सगळ्यात मोठा कागद आहे.

पत्र असं लिहा. यापेक्षा लांब नको.

“पॉलिसी क्रमांक अमुक. 10 एप्रिलचा हप्ता वेळेत भरला गेला नाही. सवलतीची मुदत 10 मे रोजी संपली, तेव्हा मी न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल होतो (2 ते 17 मे, त्यांपैकी चार दिवस आयसीयू). याच वेळी एचबीए1सी 7.6 आढळलं. सुचवलेलं औषध महिनाभर घेऊन थांबवलं होतं. आता डॉक्टरांच्या सल्ल्याने अमुक उपचार सुरू आहेत. डिस्चार्ज कार्ड, सर्व रिपोर्ट आणि ताजा रिपोर्ट जोडला आहे. आवश्यक त्या तपासण्यांना माझी तयारी आहे. पुनरुज्जीवनाचा निर्णय लेखी कळवावा.”

10 एप्रिलनंतरचे 22 दिवस तुम्ही घरीच होतात, म्हणून ‘ॲडमिट असल्यामुळेच हप्ता चुकला’ असं लिहू नका. तारखा वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं आणि मग पुढच्या खऱ्या वाक्यांवरही संशय येतो. घोषणापत्र स्वतःच्या हाताने भरा, कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका, सगळ्याची प्रत ठेवा. कागद एजंटमार्फत पाठवू नका. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा किंवा शाखेत देऊन पोच घ्या.

राहिली ती 60 हजारांची पॉलिसी. वीस वर्षांत 12 लाख भरायचे आणि 18 लाख घ्यायचे. ऐकायला दीडपट, पण हिशेब केला तर परतावा पावणेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. साधी मुदत ठेवही एरवी याहून बरी पडते. आणि विमाकवच 10 लाख. उद्या तुम्ही नसलात तर घरकर्ज फेडायलाच 20 लाख कमी पडतील, मुलांचं आणि घरखर्चाचं पुढेच राहिलं. जादा भार धरूनही तुमचा टर्म हप्ता 24 हजार होतो, म्हणजे 60 मधले 36 हजार हातात राहतात आणि कवच दहापट मिळतं. ज्याने तुम्हाला घोषणापत्रात खोटं लिहायला सांगितलं, त्यानेच हा पर्याय पुढे करावा, हे मला योगायोगाचं वाटत नाही. टर्म पॉलिसी बुडाली तर त्याचं कमिशन वाढतं.

मंजुरीचं पत्र आलं की त्यावरची तारीख आणि जादा हप्ता तपासा, बँकेला दरवर्षी 5 एप्रिलला हप्ता कापण्याची सूचना द्या आणि पॉलिसीत पर्यायी संपर्क म्हणून पत्नीचा मोबाइल नोंदवा. तुम्ही आयसीयूत असताना आठवणीचे संदेश तुमच्याच फोनवर येत असणार.