प्रश्न कोणाचा, वही कोणाची

प्रश्न: सहभागी कृती संशोधन म्हणजे नेमकं काय? शेवटी माहिती तर लोकांकडूनच घेतात, मग नेहमीच्या सर्वेक्षणापेक्षा ते वेगळं कसं?

उत्तर: काय मोजायचं हे कोण ठरवतं, इथूनच दोन्ही वाटा वेगळ्या होतात. मी स्वतः होते अशा एका कामाचं सांगते.

एका वस्तीतल्या पाण्याचा अभ्यास होता. मी प्रश्नावली तयार करूनच गेले होते: घरात माणसं किती, दिवसाला पाणी किती लिटर, साठवायला भांडी किती. पहिल्याच बैठकीत एक बाई म्हणाल्या, "किती येतं त्यात आम्ही भागवतो हो. पण कधी येणार ते कळत नाही. कोणीतरी घरी थांबायचं आणि मजुरी बुडवायची." माझ्या प्रश्नावलीत वेळेचा एकही रकाना नव्हता. ती तशीच भरून घेतली असती तर आकडे बरोबर आले असते, आणि वस्तीच्या काहीच कामाचे नसते.

मग बारा घरांनी वह्या ठेवायचं ठरलं. तारीख, पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ. पाण्यासाठी घरी कोण थांबलं हा चौथा रकाना एका शाळकरी मुलीने सुचवला. पहिल्या आठवड्यात शेजारच्या दोन वह्या ताडून पाहिल्या, तर एकाच नळाच्या वेळेत वीस-वीस मिनिटांचा फरक. एकीत पाणी सुरू झाल्याची वेळ होती, दुसरीत स्वतःचा नंबर लागल्याची. नळाला पहिली धार आली तीच वेळ लिहायची, हे सगळ्यांनी बसून ठरवलं आणि तो आठवडा सोडून दिला.

सहा आठवड्यांनी भिंतीवर मोठा कागद लावला आणि ज्याने त्याने आपल्या वहीतल्या वेळांचे ठिपके त्यावर काढले. पाणी केव्हाही येतं अशीच सगळ्यांची समजूत होती. ठिपके वेगळंच सांगत होते. वस्तीतल्या खालच्या ओळीतल्या घरांचे ठिपके जवळजवळ एका रेषेत होते, वरच्या ओळीतल्या घरांचे मात्र विखुरलेले. दोन्ही ओळी एकाच व्हॉल्व्हवर होत्या. खालचे नळ बंद होत नाहीत तोवर वर दाबच पोचत नव्हता, असा अंदाज लोकांनीच बांधला. 'पाण्याची वेळ ठरवून द्या' ही मागणी मग मागे पडली आणि वरच्या ओळीला वेगळा व्हॉल्व्ह मागायचं ठरलं. कागद घेऊन पाणी खात्यात वस्तीतली माणसंच गेली. व्हॉल्व्ह बसल्यावर आणखी चार आठवडे वह्या लिहिल्या आणि वरचे ठिपकेही जवळ आले. नावातली 'कृती' ती हीच. केलेला बदल हीच अंदाजाची परीक्षा असते. ठिपके विखुरलेलेच राहिले असते तर आमचं कारण चुकलं असं मानून पुन्हा मुळापासून बघावं लागलं असतं.

यात चुकाही होतात. आमच्या बैठका दुपारी व्हायच्या. वह्या कुठे कुठे आहेत हे नकाशावर मांडलं तेव्हा कळलं की टोकाच्या भाडेकरूंच्या रांगेत एकही वही नाही, कारण त्या वेळी ती माणसं कामावर असत. 'वस्तीचं म्हणणं' म्हणून आम्ही जे ऐकत होतो ते घरमालकांचं होतं. दुसरी फेरी सुरू करण्याआधी बैठक रात्री घेतली आणि त्या रांगेत दोन वह्या वाढवल्या. पुढे खालच्या ओळीत कोणीतरी लाइनला थेट पंप जोडल्याचं निघालं आणि काहींनी ते अहवालातून गाळा म्हणून धरलं. घराचं नाव बाहेर जाणार नाही, पण सापडलेली गोष्ट गाळायची नाही, असं सुरुवातीलाच लिहून ठरवलं होतं, म्हणून निभावलं. आणि एवढ्या वह्यांवरून साऱ्या शहराबद्दल बोलता येत नाही. शहरात किती टक्के घरांना हा त्रास आहे हे हवं असेल, तर नमुना निवडून एकसारखी प्रश्नावली भरून घेणंच योग्य.

लोक नुसते 'नमुना' राहिले की काय होतं, ते अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीच्या बाबतीत दिसलं. 1990 पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. मधुमेहाचा शोध घ्यायचा आहे अशी देणाऱ्यांची समजूत होती. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनियाच्या आणि जमातीच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासाला वापरलं गेलं, हे त्यांना 2003 मध्ये कळलं. खटला झाला. 2010 मध्ये तडजोड होऊन 41 जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेलं रक्त परत आलं.

आमच्या मूळ वह्या वस्तीतच आहेत, माझ्याकडे फक्त प्रती. नंतर पाणी सोडणारा माणूस बदलला आणि वेळा पुन्हा बिघडल्या, तेव्हा मला कोणी बोलावलं नाही. लोकांनी जुन्या वह्या काढल्या, नव्या पानावर तेच चार रकाने आखले आणि लिहायला लागले.