‘त.’ म्हणजे तलाठी की तहसीलदार?

“मैत्रिणीच्या लेक्चरच्या वहीचे 60 फोटो आहेत. लघुरूपं पूर्ण लिहून टाईप करायचंय. काही कळतात, काही नाही. अंदाजाने लिहिलं तर चालेल का? आठवड्यात होईल का?”

अंदाजाने लिहा, पण अंदाज अंदाजासारखा दिसला पाहिजे. आणि एकच लघुरूप सगळीकडे एका झटक्यात बदलायचं, म्हणजे फाइंड-रिप्लेस, हे अजिबात करू नका. मी केलं होतं. त्याचा त्रास अकरा जणांना झाला.

मी महसूल खात्यात आहे. तलाठी म्हणून लागल्यावर खात्याची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी आमचे वर्ग झाले तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते. बॅचमधल्या एका ताईंनी सगळं टिपून घेतलं होतं, आणि त्यांचं अक्षर चांगलं आहे. त्यांनी रात्री ट्यूबलाइटखाली पानांचे फोटो काढून पाठवले. वर्गात सर भरभर बोलतात, त्यामुळे ताईंनी जवळपास प्रत्येक शब्द पहिल्या अक्षरावर आणला होता. गा.न. म्हणजे गाव नमुना, भो.व. म्हणजे भोगवटादार वर्ग, पो.ख. म्हणजे पोटखराबा, हे आम्हा सगळ्यांना कळतंच. माझा दादा टायपिंग जलद करतो, म्हणून तो मदतीला बसला. बाळ झोपलं की मी वाचायचे आणि तो टाईप करायचा.

तिसऱ्या पानावर ओळ होती: ‘क.149 – 3म. आत त. कडे वर्दी, त. लगेच पोच.’ यात काहीच शंका नाही. जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 149 म्हणजे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची आणि तलाठ्याने पोच द्यायची. दादा म्हणाला, “त. म्हणजे तलाठी. सगळीकडे बदलून टाकतो, वेळ वाचेल.” मी हो म्हटलं. पस्तीस-चाळीस ठिकाणी ‘त.’चा ‘तलाठी’ झाला आणि मूळ अक्षरं पुसली गेली.

पुढे सव्विसाव्या पानावर ओळ होती: ‘155 – लेखनप्रमाद दु. – त. अधि.’ आमच्या टाईप प्रतीत ती अशी आली: ‘कलम 155, लेखनप्रमादाची दुरुस्ती, तलाठ्यास अधिकार.’ कलम 85 च्या वाटणीच्या आदेशाचंही तेच झालं. दोन्हीकडे ताईंना तहसीलदार म्हणायचं होतं. हे काम करणाऱ्याला विचारा, सातबारावरचं नाव किंवा क्षेत्र तलाठ्याने स्वतःच्या अधिकारात ‘दुरुस्त’ केलं तर काय होतं. ती प्रत मी बॅचच्या ग्रुपवर टाकली होती. अकरा जणांनी त्यावरून अभ्यास केला आणि त्यातल्या दोघांनी पेपरात तेच लिहिलं. ताईंचं नाव वर होतं, म्हणून लोकांनी ताईंनाच विचारलं, “तुम्ही असं कसं लिहून घेतलं?” त्यांच्या वहीत चूक नव्हतीच. चूक आमच्या टायपिंगची होती, आणि मूळ अक्षरं पुसल्यामुळे ती प्रतीत कुणाला दिसणारही नव्हती.

दादाचं अजूनही म्हणणं आहे की अर्थ संदर्भाने लावायचा असतो, विचारत बसलं की काम संपत नाही आणि प्रश्नचिन्हांनी भरलेली प्रत कुणी वाचत नाही. यातलं पहिलं बरोबर आहे, पण संदर्भ त्या ओळीपुरता असतो. तिसऱ्या पानाचा संदर्भ सव्विसाव्या पानाला लावणं म्हणजे संदर्भ न पाहणंच.

दुसऱ्यांदा मी एकटीने केलं, ते असं. आधी काही टाईप न करता सगळे फोटो सलग वाचले. याचं कारण, वही लिहिणारा माणूस एखादा शब्द पहिल्यांदा बहुधा पूर्ण लिहितो आणि मग त्याचं लघुरूप करतो, किंवा घाई नसेल तेव्हा मधेच कुठेतरी पूर्ण लिहून जातो. त्या जागा सापडल्या की निम्मं काम होतं. ताईंनी नवव्या पानावर ‘मंडळ अधिकारी’ पूर्ण लिहून शेजारी ‘मं.अ.’ केलं होतं. हा वहीतला पुरावा, याला अंदाज म्हणायचं नाही.

पण फोटोत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे अनुस्वार. ‘मं.अ.’ म्हणजे मंडळ अधिकारी आणि ‘म.अ.’ म्हणजे महसूल अधिनियम. फरक एका टिंबाचा, आणि ते टिंब वरच्या छापील रेघेवर पडलं की फोटोत दिसतच नाही. ताई सहसा रेघेला चिकटून लिहितात. त्यामुळे मी जिथे जिथे ‘म.अ.’ वाचलं, तिथे फोटो मोठा करून पाहिला आणि तरी कळलं नाही तर वाक्य पाहिलं. ‘म.अ. ने प्रमाणित’ असेल तर तो माणूस आहे, कायदा फेरफार प्रमाणित करत नाही. ‘म.अ. क.150’ असेल तर तो कायदा. उलट प्रकारही होतो. पातळ कागद असेल तर मागच्या पानाची शाई उमटते आणि नसलेलं टिंब दिसतं. तुमच्या मैत्रिणीकडून शक्य असेल तर अडलेली पाच-सहा पानं दिवसा, खिडकीशी, मागे कोरा कागद ठेवून पुन्हा काढून मागवा.

टाईप करताना मूळ लघुरूप तसंच ठेवून पुढे चौकोनी कंसात विस्तार लिहायचा. वहीतच पुरावा असेल तर नुसता विस्तार, आणि अंदाज असेल तर विस्तारापुढे प्रश्नचिन्ह. अजिबात कळलं नाही तर रिकामा कंस. प्रश्नचिन्ह पडलं की त्याच वेळी वेगळ्या यादीत एक नोंद. माझ्या यादीत शेवटी एकोणीस नोंदी राहिल्या. त्यातल्या तीन अशा:

पान 12, ओळ 4: ‘वा.नों. – 149’. अंदाज: वारस नोंद. दुसरी शक्यता: वाटणीची नोंद. कलमावरून ठरत नाही.

पान 14, ओळ 9: ‘15दि. ह. नस. तर प्रमा.’ अंदाज: 15 दिवसांत हरकत नसल्यास प्रमाणित. दुसरी शक्यता: हक्क. पुढच्याच ओळीत 6अ, म्हणजे हरकतीच्या प्रकरणांची नोंदवही, आहे, म्हणून हरकत.

पान 31, ओळ 2: ‘0-40 आ. 1-25’. अंदाज: आकार, म्हणजे जमिनीचा सारा. दुसरी शक्यता: आर.

पहिली नोंद बघा, कारण तिने मला बराच वेळ अडवलं. ‘वा.’ वारस की वाटणी? मला वाटलं 149 लिहिलंय म्हणजे वारस. पण कलम उघडून वाचलं तर त्यात वारसाने, वाटणीने, खरेदीने, गहाणाने, बक्षिसाने मिळालेले हक्क सगळेच आहेत. म्हणजे कलमाचा आकडा काहीच सिद्ध करत नव्हता. मग खालच्या ओळी पाहिल्या. तिसऱ्या ओळीत ‘गा.न. 6क’ होतं. सहा-क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही. तिथे गुंता सुटला, पण तरी यादीत ठेवलं, कारण सर मधेच विषय बदलून वाटणीवर गेले असते तर मला ते कळलं नसतं. ताईंनी ‘वारसच’ म्हणून सांगितलं.

तिसऱ्या नोंदीत आकडे कामी आले. आर असता तर 1-25 चं काही करता आलं नसतं. शून्य हेक्टर चाळीस आर, म्हणजे साधारण एक एकर, आणि त्याचा आकार सव्वा रुपया, हे सातबारावर रोज दिसणारं आहे. पण ‘आ.’ त्याच वहीत एका ठिकाणी ‘आदेश’ही होता. आणि ‘3म.’ महिने असले तरी ‘32म’ हे कूळ कायद्याचं कलम आहे, तिथे म.चा विस्तार करायचाच नाही.

यादी विचारताना एक चूक माझी झाली. पहिल्यांदा मी ताईंना एकोणीस अंदाज पाठवले आणि लिहिलं, “बरोबर आहेत ना?” त्यांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं, “हो हो, बरोबर.” त्या कामात होत्या, वाचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ओळीचा कापलेला फोटो पाठवला, माझा अंदाज न सांगता, आणि विचारलं, “ताई, इथे त. म्हणजे कोण?” तेव्हा त्यांनी थांबून सांगितलं. ज्या लघुरूपाचा अर्थ बदलला की अधिकार, मुदत किंवा रक्कम बदलते, ते असंच विचारा. बाकीचे अंदाज एकदम पाठवले तरी चालतील. मैत्रीण कंटाळेल म्हणून सगळं एका दिवशी विचारू नका, आणि फार उशिराही विचारू नका, वही जुनी झाली की लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

दादाला मी हेच सांगत आलेय. विचारायला मला एकूण चाळीस मिनिटं लागली. चुकीची प्रत ग्रुपवरून मागे घ्यायला, प्रत्येकाला फोन करून सांगायला आणि ताईंची माफी मागायला आठवडा गेला.

एक राहिलं. कायदा उघडून पाहणं हे विस्ताराला आधार म्हणून ठीक, पण वहीची दुरुस्ती म्हणून नाही. कलम 155 मध्ये शब्द जिल्हाधिकारी असा आहे, तहसीलदार नाही. प्रत्यक्षात तो अधिकार तहसीलदार वापरतात, म्हणून वर्गात तसं शिकवतात. तुम्ही कायदा बघून ‘त.’चा ‘जिल्हाधिकारी’ केलात तर तेही चुकीचंच, ताईंनी ते लिहिलेलं नाही. तसं वाटलं तर खाली वेगळी टीप द्या. आणि वहीत उदाहरणादाखल कुणा खातेदाराचं खरं नाव, गट नंबर असेल तर ग्रुपवर टाकण्याआधी झाका.

आठवड्याचं म्हणाल तर तुमची 60 पानं एकट्याला चार-पाच संध्याकाळी टाईप होतील, शंकांची यादी वेगळी. फक्त तुमच्यापुरतंच वाचायचं असेल तर एवढं करायची गरज नाही, विस्तार मनात केला तरी चालतो. मी हे दुसऱ्याच्या हातात जाणाऱ्या प्रतीबद्दल सांगतेय.

माझ्या प्रतीत दोन कंस अजून रिकामे आहेत. पान 38 वरचं ‘वि.ता.’ ताईंनाही आठवत नाही, सरांना विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नाही. ते तसंच छापून नवीन बॅचला दिलंय.