गुजराती शेजाऱ्यांना नववर्षाच्या शुभेच्छा

प्रश्न : ठाण्यात आमच्या शेजारी गुजराती कुटुंब राहते. लक्ष्मीपूजनानंतर येणाऱ्या त्यांच्या नववर्षाला काय म्हणून शुभेच्छा द्याव्यात?

उत्तर : दारात भेट झाली की हसून ‘साल मुबारक’ म्हणावे, पत्रात किंवा व्हॉट्सॲपवर ‘नूतन वर्षाभिनंदन’ अधिक शोभते, आणि उत्तरादाखल बहुधा हेच शब्द परत ऐकू येतात.

खरी गफलत शब्दांत नव्हे, दिवसात होते. हे नववर्ष, म्हणजे ‘बेसतुं वरस’, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपल्या दिवाळी पाडव्यालाच असते. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके वाजत असताना ‘साल मुबारक’ म्हणणे घाईचे ठरते. शिवाय तिथीमुळे कधी मध्ये एक रिकामा दिवस येतो, ज्याला गुजरातीत ‘धोको’ म्हणतात. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, 25 तारखेला सूर्यग्रहण आले आणि नववर्ष 26 ला उजाडले. तेव्हा कालनिर्णयमध्ये पाडवा पाहून घ्यावा आणि सकाळीच जावे, कारण त्या दिवशी ही मंडळी नवे कपडे घालून देवदर्शनाला व नातेवाइकांकडे लवकर बाहेर पडतात. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र आधी वाकून नमस्कार करावा, मग ‘साल मुबारक’ म्हणावे. मठिया-घुघऱ्यांची बशी पुढे येईलच. ती नाकारू नये.